पीआयपीचं पत्र हातात आलंय? दुकान टाकायच्या आधी हा हिशोब करा

कासुर्डीतून रांजणगाव, कुरकुंभला नोकरीला जाणारे बरेच जण माझे व्हिडिओ बघतात. एक प्रश्न सारखा येतो. "सर, कंपनीने पीआयपीवर टाकलंय. राजीनामा तोंडावर मारतो आणि दुकान टाकतो." थांबा जरा.

पीआयपी म्हणजे काम सुधारण्यासाठी दिलेली लेखी मुदत. तेवढ्यावरून ठरलेला मासिक पगार कमी होत नाही. मार बसतो तो एप्रिलच्या इन्क्रिमेंटला आणि रेटिंगवर मिळणाऱ्या व्हेरिएबलला. तुम्ही पास झालात तरी वाढ १ एप्रिलपासून फरकासह मिळणार की पुढच्या वर्षी, हे आत्ताच मेलवर विचारून घ्या. कायद्याचा बोनस मात्र वेगळा. तुमचा पगार त्या मर्यादेत असेल, तर किमान ८.३३ टक्के बोनस फक्त काम कमी पडलं म्हणून अडवता येत नाही.

आता उदाहरण घेऊ. समजा, एक सुपरवायझर १ जुलै २०२१ ला लागला. पगार ३८,०००, त्यात बेसिक २०,०००, नोटीस दोन महिन्यांची. १ मार्च २०२६ ला ६० दिवसांची पीआयपी लागली. त्याने रागाने त्याच दिवशी राजीनामा दिला, तर ३० एप्रिलला बाहेर. पाच वर्षं भरायला दोनच महिने कमी, म्हणून ग्रॅच्युइटी अडकते. (चार वर्षं २४० दिवस पुरेसे, असं काही न्यायालयांनी म्हटलंय. पण त्यासाठी भांडत बसावं लागतं.)

बरं, तो थांबला आणि नापास झाला तर? कंपनी बहुतेक वेळा नोटीसचे ७६,००० हातात ठेवते आणि ३० एप्रिललाच मोकळं करते. तारीख पुन्हा तीच!

म्हणून एप्रिलच्या मध्यात, काढल्याचं पत्र यायच्या आत, एचआरशी बोलायचं. "नोटीसचे पैसे एकदम नकोत, ३० जूनपर्यंत हजेरीपटावर ठेवा. काम नसेल तर घरी बसतो." पगारापोटी कंपनीचे तेच ७६,००० जातात. तुमची पाच वर्षं मात्र भरतात. २०,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५, म्हणजे ५७,६९२ रुपये. किराणा दुकानाचं रॅक आणि वजनकाटा यातच बसतो की!

बोलणी कधी करायची, लढायचं कधी? पत्रात मोजता येणारं टार्गेट असेल आणि साहेब दर आठवड्याला बसून आढावा घेत असतील, तर मुदत पुरी करा. पण नुसतं "वागणूक सुधारा" लिहिलंय, आढावा होत नाही, तुमचं काम दुसऱ्याला शिकवायला लावलंय, तर निकाल आधीच ठरलाय असं समजा.

ठरलेलं सगळं मेलवर घ्या: शेवटची तारीख, ग्रॅच्युइटी, रिलीव्हिंग लेटर. राजीनाम्यात "वैयक्तिक कारणामुळे" लिहू नका, "कंपनीशी झालेल्या चर्चेनुसार" लिहा. आणि फुल अँड फायनलच्या कागदावर आकडे भरलेले नसतील, तर सही करू नका.