शिक्षकांचा जिना

यंदा समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी ‘शाळेतील छुपा अभ्यासक्रम’ हा विषय मिळाला. वेळापत्रकात नसलेले, कोणी मुद्दाम न शिकवलेले, तरी प्रत्येक मूल शिकतेच असे धडे, म्हणजे छुपा अभ्यासक्रम. हा शब्द फिलिप जॅक्सन या अमेरिकन अभ्यासकाच्या १९६८च्या पुस्तकामुळे रूढ झाला. वर्गात बसून त्यांनी पाहिले की मुलांचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो: आपली पाळी येण्याची, घंटेची, परवानगीची. मी त्यातली फक्त परवानगी निवडली, कारण ती डोळ्यांनी दिसते आणि मोजता येते.

सांगली भागातली अनेक गलाई कुटुंबे दक्षिणेत सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करतात. आमचे दुकान कुंभकोणमला आहे. जानेवारीच्या सुट्टीत तिथल्या एका शाळेत आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसण्याची मुभा मिळाली. वहीत दोन रकाने आखले. डावीकडे जे दिसले तेवढेच, उजवीकडे त्यावरून मला काय वाटले ते. हे वेगळे ठेवणे फार गरजेचे आहे. ‘मुलगी घाबरली’ हे निरीक्षण नव्हे. ‘मुलगी दोनदा हात वर करून खाली बसली’ हे निरीक्षण.

चाळीस मिनिटांच्या तासात जागेवरून उठण्यासाठी अकरा वेळा परवानगी मागितली गेली. न विचारता मुले पाच वेळा उठली, त्यातले चार वेळा मॉनिटर. खिडकीतून पाऊस आत यायला लागला, तेव्हा खिडकीजवळच्या मुलाने वही छातीशी धरली, पण खिडकी लावली नाही. बाईंनी सांगितल्यावर लावली. अर्थात अनोळखी मुलगा वही घेऊन मागे बसला की वर्ग जरा जास्तच शहाण्यासारखा वागतो, हेही धरायला हवे.

कुंभकोणममध्ये हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. १६ जुलै २००४ रोजी तिथल्या काशीरामन रस्त्यावरच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग लागली, गवती छपराला भिडली, आणि ९४ मुले गेली. जिना अरुंद होता. त्या वर्गांत नेमके काय घडले असेल यावर मी तर्क करणार नाही. तो माझा विषय नाही. पण त्या घटनेतून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि २००९ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो. शाळांत अग्निशामक साधने हवीत, कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे प्रशिक्षण हवे. हा झाला लिखित भाग.

मी ज्या शाळेत बसलो तिथे आगीची कवायत होते. मला ती पाहायला मिळाली. लांब घंटा झाली. मुलांनी दप्तरे बंद केली, उंचीप्रमाणे रांग केली आणि बाई हजेरीपट आणेपर्यंत उभी राहिली. घंटेपासून पहिले मूल दाराबाहेर पडायला दोन मिनिटांहून जास्त वेळ गेला. सगळे वर्ग एकाच जिन्याने उतरले. दुसरा जिना दहा पावलांवर होता, उघडा होता, रिकामा होता. नंतर मैदानावर सर्वांत सरळ रांगेच्या वर्गाचे कौतुक झाले. किती वेळ लागला हे कोणी विचारले नाही.

एका मुलाला मी विचारले, त्या जिन्याने का नाही आलात? तो म्हणाला, “अण्णा, तो टीचर लोकांचा आहे.” तशी पाटी कुठेच नव्हती.

रांग वाईट, असे मी म्हणत नाही. अरुंद जिन्यावर धक्काबुक्की झाली तर माणसे तिथेच चिरडतात. कॅडेटला हे सांगायला नको. मुद्दा असा की कवायत एक धडा द्यायला घेतली आणि मुले दुसराच शिकली. तो ओळखायची साधी खूण म्हणजे शेवटी कौतुक कशाचे होते ते पाहणे.

परत आल्यावर मी आमच्या हॉस्टेलकडे त्याच दोन रकान्यांनी पाहिले. पुढच्या जिन्याने ज्युनियर जात नाहीत. स्टँडिंग ऑर्डरमध्ये असे काही लिहिलेले नाही, तरी सातवीतला मुलगा पहिल्या आठवड्यातच ते शिकतो. हे मी हाउसमास्तर सरांना दाखवले. फेब्रुवारीत त्यांनी आधी न सांगता रात्री कवायत घेतली. कोपऱ्यातल्या डॉर्मिटरीतली सहा मुले पुढच्या जिन्यापर्यंत धावत आली, तिथे क्षणभर थांबली, आणि वळून सगळा व्हरांडा ओलांडून मागच्या जिन्याने उतरली. आता फायर ऑर्डरमध्ये प्रत्येक डॉर्मिटरीपुढे जिना लिहिला आहे, आणि ज्युनियरांना आठवड्यातून एकदा पुढच्या जिन्याने पीटीला उतरवतात. पहिल्या दिवशी ती भिंतीला चिकटून उतरली.