एक अनामत, दोन खतावण्या

बेंगळुरू शहराच्या दक्षिण भागात जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेली जे. पी. नगर ही वसाहत आहे. परदेशी कंपन्यांच्या मालकीच्या छोट्या भारतीय कंपन्या बेंगळुरूत अशा वसाहतींतही भाड्याच्या जागेत कार्यालये थाटतात. जागा भाड्याने घेताना सुमारे दहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम मालकाकडे अनामत म्हणून ठेवण्याची पद्धत या शहरात दीर्घकाळ रूढ आहे. मुंबईच्या पागडीप्रमाणे ही रक्कम मालकाची होऊन जात नाही. तिच्यावर व्याज मिळत नाही, परंतु जागा सोडताना ती परत मिळते. दिसावयास इतक्या साध्या असलेल्या या व्यवहाराचे दोन लेखापद्धतींत दोन वेगळे अर्थ लावले जातात. संगणकीय हिशेबात समांतर खतावण्या कशासाठी ठेवाव्या लागतात, हे समजण्यास याहून सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

आपण एक नमुन्याची कंपनी घेऊ. तिची मालकी एका अमेरिकन कंपनीकडे आहे. त्या मूळ कंपनीला एकत्रित ताळेबंद करण्यासाठी जे. पी. नगरचे आकडे 'यूएस गॅप' या अमेरिकन लेखातत्त्वांनुसार हवे असतात. भारतात मात्र ही कंपनी भारतीय लेखामानके, म्हणजे 'इंड-एएस', पाळते. ही मानके २०१६ च्या एप्रिलपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. कंपनीने १ एप्रिल २०२२ पासून तीन वर्षांसाठी, दरमहा एक लाख रुपये भाड्याने जागा घेतली आणि मालकास दहा लाख रुपये अनामत दिली, असे समजू.

अमेरिकन पद्धतीत अनामतीचा हिशेब एका ओळीत संपतो. दहा लाख दिले, दहा लाख येणे आहेत. भाडेकराराची इतर मोजदाद त्या पद्धतीतही करावी लागते, पण अनामतीच्या रकमेस ती हात लावीत नाही.

भारतीय मानके वेगळा प्रश्न विचारतात. तीन वर्षांनी बिनव्याजी परत मिळणाऱ्या दहा लाखांचे आजचे मोल किती? बाजारातील व्याजदर दहा टक्के धरला, तर ते ७,५१,३१५ रुपये येते. उरलेले २,४८,६८५ रुपये कोठे गेले? मानकांच्या दृष्टीने ती जागा वापरण्याच्या हक्कासाठी आगाऊ दिलेली किंमतच होय. मालकाला बिनव्याजी पैसा मिळतो. त्याने मागितलेल्या भाड्यात या लाभाचा हिशेब कोठेतरी धरलेला असणारच. म्हणून ही रक्कम अनामतीतून वजा करून 'वापरहक्काची मालमत्ता' या सदरात मिळवतात. मालमत्तेवर तीन वर्षे समान घसारा लावतात, तो दरसाल ८२,८९५ रुपये होतो. दुसरीकडे अनामतीचे मोल व्याजाने वाढवीत नेतात. पहिल्या वर्षी ७५,१३१, दुसऱ्या वर्षी ८२,६४५ आणि तिसऱ्या वर्षी ९०,९०९ रुपये व्याज धरले की मुदतीअखेर बरोबर दहा लाख भरतात.

आता नफा-तोटा पाहावा. पहिल्या वर्षी घसारा व्याजापेक्षा ७,७६४ रुपयांनी जास्त आहे, दुसऱ्या वर्षी २५० रुपयांनी जास्त आहे आणि तिसऱ्या वर्षी उलट व्याज ८,०१४ रुपयांनी जास्त आहे. तिन्ही वर्षांची बेरीज शून्य येते. या सगळ्या खटाटोपात एक रुपयाही बँकेतून हलत नाही आणि तीन वर्षांच्या एकूण नफ्यातही फरक पडत नाही. फरक पडतो तो केवळ कोणत्या वर्षी किती, एवढाच. सर्व व्यवहारांसाठी दुसरी वहीच लिहून काढणे म्हणूनच अनाठायी ठरते. भाडे, पगार, विजेचे बिल आणि स्वतः दिलेली अनामत हे दोन्ही पद्धतींना समान आहे. वेगळे आहे ते थोडेसे.

हे थोडेसे वेगळे कोठे ठेवावे, हा जुना प्रश्न आहे. पूर्वी अनेक कंपन्या एकाच खतावणीत जादा खाती उघडीत आणि कोणती खाती कोणत्या ताळेबंदात घ्यावयाची याची यादी बाळगीत. काही ठिकाणी हे फरक हिशेबाच्या पद्धतीबाहेर, कोष्टकांच्या फायलीत राहत. फाईल करणारा नोकरी सोडून गेला की फरकाचे कारणही त्याच्याबरोबर जाई. सॅप या जर्मन कंपनीने २००४ च्या सुमारास आपल्या ईआरपी प्रणालीत, म्हणजे उद्योगाचे सर्व व्यवहार एकत्र नोंदणाऱ्या संगणकीय व्यवस्थेत, नवी सामान्य खतावणी आणली. तेव्हापासून एकाच कंपनीसाठी अनेक खतावण्या शेजारी शेजारी चालवता येऊ लागल्या. त्यांपैकी एक अग्रणी असते. तिचे नाव पडद्यावर `0L` असे दिसते. इतर खतावण्यांची नावे कंपनी ठरवते. आपल्या उदाहरणात `0L` अमेरिकन पद्धतीची आणि `L2` भारतीय पद्धतीची आहे असे मानू.

नोंद करणाऱ्याला रोजच्या कामात या दोन खतावण्यांची जाणीवही होत नाही. त्याने एक नोंद केली की ती दोन्हींत जाते. अनामतीचे दहा लाख याच मार्गाने दोन्हींत पोचले. फक्त एका खतावणीतील नोंदीसाठी वेगळा पडदा आहे. त्याची खूण `FB50L`. त्यात 'खतावणी-गट' या नावाचा एक रकाना असतो. तेथे `L2` लिहिले की नोंद भारतीय खतावणीतच राहते आणि अग्रणी खतावणीस तिचा पत्ताही लागत नाही. अशा नोंदींसाठी वेगळा दस्तऐवज-प्रकार आणि वेगळी क्रमांकमाला ठेवतात. तसे केले नाही तर अग्रणी खतावणीतील क्रमांकांत मधेच खंड पडलेले दिसतात आणि लेखापरीक्षक गहाळ पावत्यांची चौकशी करू लागतो.

येथे एक अडचण उभी राहते. जागेच्या मालकाचे खाते हे पुरवठादाराचे खाते असते. त्याच्याकडून किती येणे आहे, हे कोणत्याही लेखापद्धतीवर अवलंबून नसते. दोन खतावण्यांत दोन वेगळी येणी दाखवली, तर पैसे परत आल्यावर त्यांची जुळणी कशी करणार? म्हणून ही प्रणाली पुरवठादारांच्या नियंत्रक खात्यात एकाच खतावणीपुरती नोंद करू देत नाही. हा नियम प्रथम जाचक वाटतो, परंतु तो शहाणपणाचा आहे. उपाय असा की 'अनामत समायोजन' हे एक स्वतंत्र खाते उघडावे. मालकाच्या खात्यात दोन्हीकडे दहा लाख तसेच राहतात. १ एप्रिल २०२२ रोजी `L2` मध्ये वापरहक्काच्या मालमत्तेच्या समायोजन खात्याला २,४८,६८५ नावे आणि अनामत समायोजनाला तितकेच जमा, अशी नोंद होते. दरवर्षी ३१ मार्चला अनामत समायोजन नावे आणि व्याजाचे उत्पन्न जमा होते; घसाऱ्याची नोंद वेगळी. भारतीय ताळेबंद छापताना अनामत आणि तिचे समायोजन ही दोन खाती एकाच ओळीत मिळवतात.

या मांडणीमुळे तपासाचे एक सोपे साधन हाती येते. `0L` मध्ये अनामत समायोजन खात्याची शिल्लक नेहमीच शून्य असली पाहिजे. `L2` मध्ये ती व्याजाच्या कोष्टकाप्रमाणे उतरत जाऊन ३१ मार्च २०२५ ला शून्य झाली पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट खरी नसेल, तर चूक झाली आहे असे निःशंक समजावे.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे खतावणी-गटाचा रकाना कोरा राहणे. रकाना कोरा असला की प्रणाली 'सर्व खतावण्या' असा अर्थ घेते. ती थांबत नाही आणि सूचनाही देत नाही, कारण नावे आणि जमा तर जुळलेलेच असतात. समजा, ३१ मार्च २०२४ चे व्याज ८२,६४५ रुपये असे कोऱ्या रकान्याने नोंदले गेले. भारतीय ताळेबंद अगदी बरोबर येतो. लेखापरीक्षक सही करतो. अमेरिकन खतावणीत मात्र कधीही न मिळालेले व्याज उत्पन्न म्हणून बसते आणि मूळ कंपनीच्या एकत्रित हिशेबात जाते. दोन्ही ताळेबंद आपापल्या परीने जुळलेले असल्यामुळे ही चूक एकेका ताळेबंदात शोधून सापडत नाही. दोन खतावण्यांमधील फरक खातेवार काढून, तो केवळ `L2` मध्ये व्हावयास हव्या असलेल्या नोंदींच्या बेरजेशी ताडून पाहावा लागतो. ८२,६४५ चे व्याज फरकात दिसावयास हवे होते, आणि ते दिसत नाही! नसलेला फरक शोधणे हे असलेला फरक शोधण्याहून अवघड काम आहे. वर्षातून एकदा तो शोधणाऱ्यांस ते अधिकच अवघड जाते.

ही तुलना तारखेने करावी, महिन्याच्या क्रमांकाने करू नये. मूळ कंपनीचे वर्ष जानेवारीत सुरू होत असेल, तर `0L` मध्ये मार्च हा तिसरा कालखंड असतो आणि `L2` मध्ये तोच बारावा. क्रमांकाने जुळवू पाहणाऱ्यास खोटे फरक सापडतात आणि खरा निसटतो. वर्षांच्या या तफावतीचा चुकीच्या दुरुस्तीवरही परिणाम होतो. वरील चूक जानेवारी २०२५ पूर्वी ध्यानात आली, तर ती त्याच अमेरिकन वर्षात सुधारता येते. ती एप्रिल २०२५ मध्ये, जागा सोडून अनामत परत आल्यावर, `0L` मध्ये ८२,६४५ ची अनाथ शिल्लक दिसल्याने उमगली, तर २०२४ चे हिशेब तोवर मूळ कंपनीने बंद केलेले असतात आणि खुलासा समुद्रापार द्यावा लागतो.

दुरुस्तीसाठी चुकीची नोंद प्रणालीच्या उलट-नोंदीने रद्द करावी. मूळ नोंद दोन्हींत गेली होती, म्हणून तिची उलट नोंदही दोन्हींत जाते. मग `L2` लिहून व्याज पुन्हा नोंदावे. चुकीची नोंद पुसून टाकण्याचा मार्ग नाही आणि नसावा. १ एप्रिल २०२३ पासून भारतातील कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे कायद्याने आवश्यक केले आहे.

दुसरा प्रसंग चुकीचा नव्हे, विसराचा आहे. समजा, जागा दोन वर्षांनीच, ३१ मार्च २०२४ रोजी सोडली आणि मालकाने दहा लाख पूर्ण परत केले. पावतीची एक नोंद झाली, दोन्ही खतावण्यांत मालकाचे खाते मिटले, आणि कारकुनास काम संपले असे वाटले. परंतु `L2` मध्ये अनामत समायोजनाचे ९०,९०९ रुपये जमा आणि वापरहक्काच्या मालमत्तेचे ८२,८९५ रुपये नावे अजून उभेच आहेत. पहिले उत्पन्नात आणि दुसरे खर्चात नेऊन ८,०१४ रुपये नफा दाखवावा लागतो. पहिल्या दोन वर्षांत भारतीय खतावणीने ७,७६४ आणि २५० रुपये जादा खर्च सोसला होता. त्याची ही नेमकी भरपाई होय. ही नोंदही `FB50L` या पडद्यावरच, आणि तीही रकाना भरून.