आईचे चित्र आईसारखे

मूल गावातल्या एका शेतकरीभाऊंची आई वारली. घरात तिचा पायापर्यंतचा फोटो एकच होता. नातीच्या लग्नाच्या दिवशी ती घराच्या दारात उभी राहिली, तेव्हा फोटोवाल्याने तो काढला होता. त्यावरून मोठे चित्र करून ओसरीत लावावे, असे भाऊंच्या मनात आले. गावात नाटकाचे पडदे रंगवणारा एक तरुण आहे. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटके सुरू होतात. तेव्हा त्याला फुरसत नसते, म्हणून पावसाळ्यात काम दिले. पंधरा दिवसांनी चित्र घरी आले. चेहरा जुळला होता. लुगड्याचा रंगही जुळला होता. पण भाऊंची लहान मुलगी चित्रापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, ही आजी नोहोय."

भाऊ चित्र आणि फोटो घेऊन आमच्याकडे आले. तो तरुणही आला. तो रागावला नव्हता, हे सांगितले पाहिजे. तो म्हणाला, "मी तर आजी चांगली दिसावी म्हणूनच काढली जी." मग आम्ही तिघे पट्टी घेऊन बसलो. काय सापडले ते या पाठात सांगतो. म्हातारी किंवा अंगाने भरलेली माणसे तुमच्याही घरात असतील आणि त्यांची चित्रे कधी तुम्हीही काढाल किंवा काढून घ्याल.

पहिल्याने फोटो खरा आहे की नाही ते पाहिले. फोटोसुद्धा चूक सांगतो, बरे का! छापताना कागदात बसवायला कोणी तो एका बाजूने ताणला, तर जाड माणूस बारीक दिसते आणि बारीक माणूस जाड. हे ओळखायला फोटोतली गोल वस्तू शोधावी. सायकलचे चाक, भिंतीवरचे घड्याळ, समोरून दिसणारी टांगलेली परात, काहीही चालेल. ती उभी मोजा, आडवी मोजा. दोन्ही मापे सारखी आली तर फोटो ताणलेला नाही. आपल्या फोटोत आजीच्या मागे भिंतीला घड्याळ होते. ते गोलच निघाले.

दुसरी गोष्ट दाराची चौकट. दाराच्या दोन्ही बाह्या खरोखर सरळ उभ्या असतात. फोटोत त्या खाली जवळ आल्या असतील, तर फोटो काढणारा उंच होता आणि त्याने यंत्र खाली झुकवले होते असे समजावे. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत असे फार होते. डोके मोठे येते, पाय आखूड आणि पावले लेकरासारखी. असा फोटो असेल तर पावले आणि पाय चौकटीच्या मापाने वाढवून घ्यावे लागतात. माणूस हयात असेल तर दुसरा फोटो काढणेच बरे. दहा-बारा फूट दूर उभे राहावे, यंत्र त्या माणसाच्या कमरेइतके खाली धरावे आणि सरळ समोर रोखावे. काही मोबाइलांत माणसाला गोरे आणि बारीक करण्याची सोय आपोआप चालू असते, ती आधी बंद करावी. आमच्या फोटोत चौकट वर ८ सेंटीमीटर रुंद होती आणि खालीही ८. म्हणजे फोटो सरळ होता.

आता माप घेऊ. भाऊंच्या घरचे ते दार अजून आहे. त्याची उंची ७२ इंच, म्हणजे सहा फूट. फोटोत तेच दार १८ सेंटीमीटर उंच आहे. आजी नेमकी उंबरठ्यावर उभी आहे, म्हणून दाराचे माप तिलाही लागू पडते. ती चार पावले पुढे उभी असती तर ते लागू पडले नसते. भागाकार करा: फोटोतला १ सेंटीमीटर म्हणजे खरे ४ इंच. आजी फोटोत १४ सेंटीमीटर आहे. म्हणजे ती ५६ इंच, चार फूट आठ इंच होती. भाऊ म्हणाले, "बरोबर आहे. आई माझ्या खांद्याच्याही खाली यायची."

मग डोके मोजले. टाळूपासून हनुवटीपर्यंत २.२ सेंटीमीटर. १४ ला २.२ ने भागले तर सहा आणि थोडे वर येते. म्हणजे आजीची उंची तिच्याच डोक्याच्या सहापट आणि वर थोडी. तरुणाने मात्र आपल्या चित्रात ती आठपट केली होती. असे का? कारण चित्रकलेच्या पुस्तकात मोठ्या माणसाचे शरीर साडेसात किंवा आठ डोक्यांचे काढायला शिकवतात. ते एक सोयीचे माप आहे. नाटकातल्या राजाला ते शोभते. पण ते कोणा एका माणसाचे माप नव्हे. तरुणाचा कागद मोठा होता आणि आजी त्यावर ५६ सेंटीमीटर उंच काढायची होती, म्हणजे फोटोच्या चौपट. डोके ८.८ सेंटीमीटर यायला हवे होते. त्याने ते ७ चे काढले. डोके लहान झाले की खालचे सगळे अंग आपोआप लांब आणि सडपातळ दिसू लागते. कंबर बारीक करायच्या आधीच आजी निम्मी बदलून गेली होती!

कंबरेचेही तेच झाले. फोटोत पोटाशी लुगड्यासकट रुंदी ४.५ सेंटीमीटर आहे. चौपट म्हणजे १८. चित्रात ती १२ निघाली. तरुण स्वतःच चकित झाला. त्याला वाटत होते, आपण जाड अंगच काढले आहे. हाताला सवय असते. पडद्यावरच्या नायिका काढून काढून रेघ कंबरेपाशी आत वळायला शिकलेली असते. डोळा फोटोकडे असतो आणि हात सवयीकडे.

या सवयीला धरून ठेवायचा उपाय म्हणजे चौकोन. फोटोवर पारदर्शक प्लास्टिक ठेवावे आणि त्यावर बारीक पेनाने १ सेंटीमीटरचे चौकोन आखावे. मोठ्या कागदावर ४ सेंटीमीटरचे चौकोन पेन्सिलीने हलके आखावे. दोन्हीकडे वरून आणि बाजूने सारखे आकडे घालावे. मग पूर्ण माणूस न पाहता एकेक चौकोन पाहावा. तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या चौकोनात रेघ कोठून शिरते आणि कोठून बाहेर पडते? एवढेच कागदावर उतरवावे. त्या वेळी ही कंबर आहे, हे पोट आहे, असे मनात आणू नये. नाव घेतले की हात पुन्हा सवयीकडे वळतो.

चित्र चुकले की नाही ते ओळखायची एक खूण आम्हाला फार आवडते. अंगाकडे पाहू नका, अंगाभोवतीच्या रिकाम्या जागेकडे पाहा. तरुणाच्या चित्रात आजीचा दंड आणि कंबर यांच्यामध्ये भिंतीचा एक उभा त्रिकोण दिसत होता. फोटोत तो नव्हताच. फोटोत दंड अंगाला टेकलेला आहे आणि कोपर बाहेर ढकललेले आहे, कारण भरलेल्या अंगावर हात सरळ लोंबत नाही, बाहेर तिरपा होतो. त्रिकोण दिसला, म्हणजे कोठेतरी अंग कापले गेले. लहान मुलीला हेच कळले होते, तिला फक्त सांगता आले नाही.

आता म्हातारपणाचे पाहू. आजीचे वय सत्तरीच्या पुढे होते. वयाबरोबर पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या पातळ होतात, मणकेही थोडे दबतात आणि पाठीला बाक येतो. म्हणून माणूस बुटके होते. पण लक्षात घ्या, कमी होते ते धड. हातापायांची हाडे काही आखूड होत नाहीत. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचे हात त्याच्या धडाच्या मानाने लांब दिसतात, बोटे मांडीवर जास्त खाली येतात. मान पुढे जाते, आणि समोरून काढलेल्या फोटोत हनुवटी खांद्यांच्या रेघेजवळ उतरते. मान जणू उरतच नाही. तरुणाने येथे दोन बोटे मान घातली होती. मान घातली की वय वीस वर्षांनी उतरते. गुडघेही पाहावे. चिखलात रोवणी करून करून आजीचे गुडघे दुखत, ते बाहेर वाकले होते आणि पावले फाकून पडत. ती उभी राहण्याची तऱ्हाच तिची ओळख होती.

लुगड्यातही अंग दिसते. पोट मोठे असेल तर कापड त्यावरून फिरून खाली येते, म्हणून पुढचा काठ थोडा वर उचललेला असतो आणि बाजूंना खाली उतरतो. चुण्याही पोटावर वळसा घेतात. तरुणाने काठ पट्टीने ओढल्यासारखा सरळ काढला होता आणि चुण्या सरळ उभ्या. उभ्या रेघांनी अंग आणखी बारीक दिसते. खरे म्हणजे पूर्वीच्या छापील चित्रांत असे नव्हते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. त्याच्या चित्रांतल्या देवी अंगाने भरलेल्या आहेत, आणि घरोघर लोकांनी त्यांना हात जोडले.

येथे कोणी विचारील, व्यंग असेल तर? आपल्याच तालुक्यात सोमनाथ आहे. बाबा आमट्यांच्या संस्थेने तेथे बरे झालेल्या कुष्ठरोग्यांबरोबर शेती उभी केली. कुष्ठरोगात हाताची शीर निकामी झाली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळून राहते. रोग बरा होतो, पण बोट पुष्कळदा तसेच राहते. त्या हाताने माणूस विळा धरतो. चित्रात ते बोट सरळ केले, तर विळा धरण्याची रीतच खोटी पडते. खुद्द बाबांच्या पाठीच्या कण्याचा आजार असा होता, की त्यांना बसता येत नसे. २००८ मध्ये ते गेले. तोपर्यंत अनेक वर्षे ते उभे तरी राहत किंवा आडवे तरी होत. त्यांना खुर्चीत बसवून चित्र काढले, तर ते कितीही सुंदर असो, बाबांचे होत नाही. मात्र एक गोष्ट. माणूस हयात असेल तर त्याला आधी विचारावे. हात दाखवायचा की पदराआड ठेवायचा, हे त्याने ठरवावे. झाकणे निराळे आणि खोटे सरळ करणे निराळे.

तरुणाने दुसरा कागद घेतला. चौकोन आखायला एक सकाळ गेली, काढायला चार दिवस. खांद्यापाशी तो एकदा अडला. पदरामुळे खांदा कोठे संपतो ते फोटोत कळेना. भाऊंनी पेटीतून आईची चोळी काढून आणली. चोळीचे खांदे मोजले तर १५ इंच भरले. आमच्या मापाने, ४ इंचांना १ सेंटीमीटर धरून, फोटोत ३.७५ आणि चित्रात १५ सेंटीमीटर. येथे एक गंमत झाली. आमच्या चित्रात खरा १ इंच म्हणजे बरोबर १ सेंटीमीटर होत होता. मग घरातली कोणतीही वस्तू मोजून सरळ चित्रात घालता येऊ लागली. बांगडी मोजली, काठी मोजली. काठी फोटोत अर्धीच दिसत होती, ती आता पूर्ण उतरली.

चित्र ओसरीत लावले, तेव्हा आम्ही गेलो होतो. चौकोनांच्या रेघा एका कोपऱ्यात खोडायच्या राहिल्या होत्या. लहान मुलगी आली, तिने चित्राकडे पाहिले आणि बापाला म्हणाली, "आजीचे पाय दुखून राहिले असतील, बाबा. चित्र थोडे खाली लावा ना."