भाव कोणी हलविला?
फ्युचर्सच्या आलेखावरील 'डेल्टा'चा अर्थ

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात माझे मामा राहतात. गेल्या सुटीत त्यांच्याबरोबर तेथील एका शेअर दलालाच्या कार्यालयात बसण्याचा योग आला. निफ्टी फ्युचर्सचा भाव चढला की मामा म्हणत, "आज खरेदीदार जास्त आहेत." वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला हे वाक्य खटकले. प्रत्येक सौद्यात जेवढी खरेदी तेवढीच विक्री असते. मग खरेदीदार 'जास्त' कसे? या प्रश्नाचे उत्तर 'क्युम्युलेटिव्ह व्हॉल्यूम डेल्टा' या आकड्यात आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

बाजारात दोन प्रकारची माणसे असतात. एक जण आपला भाव सांगून थांबतो. त्याची ती लिमिट ऑर्डर. दुसऱ्याला घाई असते. तो समोरचा भाव मान्य करून लगेच सौदा उरकतो. हा दुसरा म्हणजे आक्रमक पक्ष. थांबलेल्या विक्रेत्याच्या भावाने सौदा झाला तर खरेदीदार आक्रमक, आणि थांबलेल्या खरेदीदाराच्या भावाने झाला तर विक्रेता आक्रमक. पहिल्या प्रकारच्या उलाढालीतून दुसऱ्या प्रकारची वजा केली की डेल्टा मिळतो. दर पाच मिनिटांचा डेल्टा क्रमाने मिळवत गेले की तयार होते ती त्याची संचित रेषा.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबासाठी धरले आहेत. पहिल्या पाच मिनिटांत आक्रमक खरेदी 900 लॉट आणि आक्रमक विक्री 500 लॉट झाली. डेल्टा अधिक 400. भाव 25,000 वरून 25,020 झाला. पुढील पाच मिनिटांत खरेदी 1,100, विक्री 400. डेल्टा अधिक 700. संचित बेरीज 1,100 झाली, परंतु भाव मात्र 25,022 वरच थबकला. तिसऱ्या वेळी खरेदी 300, विक्री 600. डेल्टा उणे 300, आणि भाव 17 अंकांनी घसरून 25,005 झाला.

मधल्या पाच मिनिटांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. खरेदीचा जोर सर्वांत मोठा, पण चढ केवळ दोन अंकांचा. याचा अर्थ कोणीतरी विक्रेता शांतपणे माल पुढे करीत होता आणि येणारी खरेदी गिळीत होता. खरेदीचा ओघ आटताच थोड्या विक्रीनेही भाव खाली आला. म्हणून रेषा चढते की उतरते एवढेच पाहून भागत नाही. तेवढ्या जोराने भाव किती हलला, हेही पाहावे लागते. उलट, रेषा सपाट असून भाव चढत असेल, तर खरेदीच्या दडपणापेक्षा विक्रेते मागे सरल्यामुळे तो चढला असण्याचा संभव अधिक.

येथे एक अडचण आहे. आक्रमक कोण, हे दलालाच्या संगणकावर सहसा लिहून येत नाही. ते अनुमानाने ठरविले जाते. 1991 साली चार्ल्स ली व मार्क रेडी यांनी यासाठी एक रीत मांडली. सौद्याचा भाव दोन्ही बाजूंच्या चालू भावांच्या मध्यापेक्षा वर असेल तर खरेदी आक्रमक आणि खाली असेल तर विक्री आक्रमक धरावी. नेमका मध्यावर असेल तर आधीच्या निराळ्या भावाशी ताडून पाहावे. ही रीत प्रत्येक सौदा वेगळा दिसत असेल तर बरी चालते. परंतु सामान्य ग्राहकाला माहिती ठरावीक अंतराने, गठ्ठ्याने मिळते. समजा, अशा एका अंतरात 100 लॉटचे सौदे झाले. त्यांतील 60 आक्रमक विक्रीचे आणि शेवटचे 40 आक्रमक खरेदीचे. खरा डेल्टा उणे 20. पण संगणकाला दिसतो फक्त शेवटचा भाव, म्हणून तो सर्व 100 लॉट खरेदीत टाकतो आणि अधिक 100 दाखवितो. एकूण उलाढाल मात्र बरोबर जुळते, त्यामुळे बेरीज ताडून ही चूक सापडत नाही. ती ओळखण्याचा एक उपाय म्हणजे त्याच वेळेचा डेल्टा दोन निरनिराळ्या प्रणालींवर पाहणे. एकीकडे अधिक आणि दुसरीकडे उणे आला, तर त्या आकड्यावर पैसे लावू नयेत.

आकडा अचूक असला तरी एक गोष्ट तो सांगत नाही. आधी विकून बसलेला माणूस तोटा थांबविण्यासाठी घाईने खरेदी करतो, तीही आक्रमक खरेदीतच मोजली जाते. त्याला तेजीवर विश्वास नसतो. त्याला केवळ सुटायचे असते. नवे सौदे उभे राहत आहेत की जुने मिटत आहेत, हे पाहण्यासाठी ओपन इंटरेस्ट, म्हणजे न मिटलेल्या करारांची संख्या, शेजारी ठेवावी. डेल्टा चढता आणि ही संख्या उतरती असेल, तर त्या खरेदीत जुनी विक्री मिटविणाऱ्यांचा वाटा मोठा समजावा. अशांची घाई संपली की तिच्या जोरावर चढलेल्या भावाचा आधारही संपतो.