बिलाचा फोटो आणि एकशे नव्याण्णव रुपयांची तक्रार

ताई, गेल्या महिन्यात एका गटाच्या सचिव ताईंनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर मोबाईलच्या बिलाचा फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "मॅडम, बघा ना, मी एवढं काय बोलले?" त्यांचा फोन पोस्टपेड आहे, म्हणजे आधी वापरायचा आणि महिना संपला की पैसे भरायचे. दर महिन्याला 470 रुपये 82 पैसे यायचे, या वेळी 750 रुपये 48 पैसे आले. घरात त्यावरून बोलणं झालं होतं. फोन सारखा कानाला लावून बसते, म्हणून बिल वाढलं, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

फोटोत बिलाचं पहिलंच पान होतं. पहिल्या पानावर फक्त बेरीज असते, कशाचे किती ते आतल्या पानांवर बारीक अक्षरात असतं. मी त्यांना सगळी पानं पाठवायला सांगितली. दुसऱ्या खेपेला फोटो आले, पण एकात अंगठा आकड्यावर आणि दुसऱ्यात घडीची सावली. तिसऱ्यांदा जमलं. दिवसा दारात, उजेडात, पान सपाट ठेवून बरोबर वरून एकेका पानाचा वेगळा फोटो काढायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात. आणि असा फोटो गटाच्या ग्रुपवर टाकू नका, त्यावर आपलं नाव, पत्ता, नंबर सगळं असतं.

मग आम्ही वहीत एकेक ओळ उतरवली. मासिक भाडं 399 रुपये. कॉलचे पैसे शून्य. ही शून्याची ओळ ताईंनी आधी घरी दाखवली. बोलणं भाड्यातच धरलेलं होतं, त्याचा एक पैसाही जास्तीचा लागलेला नव्हता.

पुढे 'व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिसेस' असं लिहिलेलं होतं. म्हणजे बोलणं आणि इंटरनेट सोडून वर चिकटलेल्या सेवा. त्यात कॉलर ट्यूनचे 49 रुपये आणि कुठल्या तरी गेमच्या सेवेचे आठवड्याला 30 प्रमाणे चार वेळा 120 रुपये. त्याखाली पाच आकडी नंबरावर पाठवलेल्या सहा मेसेजचे 18 रुपये आणि उशिरा बिल भरल्याचे 50 रुपये. सगळं मिळून 636 झाले. त्यावर 18 टक्के जीएसटी 114 रुपये 48 पैसे, म्हणून 750.48. जीएसटी प्रत्येक जास्तीच्या रुपयावर लागतो, त्यामुळे तक्रारीत तोही परत मागायचा असतो. हे बरेच जण विसरतात.

ताई म्हणाल्या, सगळेच जास्तीचे परत मागू. मी त्यांना थांबवलं. मागचं बिल भरायची शेवटची तारीख 18 होती, त्यांनी भरलं 20 तारखेला. म्हणजे 50 रुपये बरोबर लागले. सहा मेसेज मुलाने टीव्हीवरच्या कार्यक्रमाला मत द्यायला पाठवले होते, तोही खर्च आपलाच. हे दोन तक्रारीत घातले असते, तर कंपनीने नेमकं त्यांच्यावर बोट ठेवून बाकीचंही उडवून लावलं असतं. राहिले 120 आणि 49, मिळून 169. त्यावरचा जीएसटी 30 रुपये 42 पैसे. एकूण 199 रुपये 42 पैसे. एवढीच आपली मागणी.

तक्रारीच्या आधी नळ बंद करायचा, नाहीतर पुढच्या बिलातही तेच येणार. त्याच सिमवरून 155223 ला STOP असा मेसेज पाठवला. उत्तरात चालू असलेल्या सेवांची नावं आली, त्यातून दोन्ही बंद केल्या आणि बंद झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवला. या नंबरावर फोन करूनही सेवा बंद करता येते.

खरं तर ताईंनी आधीच एकदा कस्टमर केअरला फोन केला होता. "बिल जास्त आलंय" असं म्हणाल्या, तिकडून "तुमच्या वापराप्रमाणेच आलंय" असं उत्तर मिळालं आणि विषय संपला. तक्रार क्रमांक मिळालाच नाही, म्हणजे कंपनीच्या दप्तरी ती तक्रार झालीच नव्हती. या वेळी त्यांनी वही समोर ठेवून 198 ला फोन लावला. हा तक्रारीचा नंबर असून फोन फुकट असतो. माहिती नको, तक्रार नोंदवायची आहे, असं आधीच सांगितलं. मेसेजवर तक्रार क्रमांक आल्यावरच फोन ठेवला. मग बिलावर छापलेल्या ईमेलवर फोटो जोडून हा मजकूर पाठवला:

"माझ्या या महिन्याच्या बिलात गेमच्या सेवेचे 120 रुपये आणि कॉलर ट्यूनचे 49 रुपये लावले आहेत. मी या सेवा मागितलेल्या नाहीत. दोन्हींसाठी माझी पहिली आणि दुसरी संमती कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कशी घेतली, त्याची नोंद द्यावी. नोंद नसल्यास जीएसटीसह 199 रुपये 42 पैसे परत करावेत. मासिक भाडे, मेसेजचे 18 रुपये आणि उशिराचे 50 रुपये मला मान्य आहेत. तक्रार क्रमांक सोबत दिला आहे."

दुसऱ्या संमतीचा मुद्दा का घातला? दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा, नियम आहे की अशी सेवा चालू करण्यापूर्वी ग्राहकाची संमती दोनदा घ्यावी लागते. एकदा चुकून बटण दाबलं गेलं, तर तेवढ्यावर पैसे लावता येत नाहीत. आपण नुसतं "मी केलं नाही" म्हटलं तर तो आपला शब्द विरुद्ध त्यांचा शब्द. नोंद मागितली की ती दाखवणं त्यांच्यावर येतं.

बिलाचं काय करायचं, हाही प्रश्न होता. ताईंचा नंबर गटाच्या बँक खात्याला जोडलेला, तो बंद पडून चालणार नव्हतं. म्हणून त्यांनी पूर्ण बिल भरलं. पैसे भरले म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही.

तीन दिवसांनी एक फोन आला, "मॅडम, रिफंडसाठी ओटीपी सांगा." ताईंनी फोन ठेवून दिला, बरं केलं. बिलाचे पैसे परत करायला ओटीपी लागत नाही, ते पुढच्या बिलात वजा होतात. कस्टमर केअरचा नंबरही गुगलवर शोधू नका, बिलावर छापलेलाच घ्या.

अठराव्या दिवशी उत्तर आलं. गेमच्या सेवेची दुसरी संमती कंपनीला दाखवता आली नाही. 120 रुपये आणि जीएसटी, असे 141 रुपये 60 पैसे पुढच्या बिलात वजा झाले. कॉलर ट्यूनबद्दल "आपल्या संमतीने" एवढंच लिहिलं होतं, तारीख नाही, वेळ नाही. ताईंना आठवतंय की कोणाला तरी फोन लावताना त्यांच्याकडून स्टार दाबला गेला होता. पण ते एकदाच.

उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांच्या आत अपील करता येतं. त्याला फी नाही, आणि 39 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तिथेही जमलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. ग्राहक आयोगातही जाता येतं, मोबाईल कंपनीविरुद्धची तक्रार तिथे चालते हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. उरलेले 57 रुपये 82 पैसे. घरचे म्हणाले, एवढ्यासाठी कशाला? ताईंनी मागच्या सोमवारी, गटाच्या बैठकीनंतर, अपील पाठवलं. वहीत तारीख लिहून ठेवली आहे.