मैत्रिणीच्या नव्या मैत्रिणी

ताईंनो, बचत, कर्ज, हप्ता, व्याज यांवर आपण बैठकीत मोकळेपणी बोलतो. नवऱ्याच्या दारूवरसुद्धा आता बोलायला लागलो आहोत. पण एक गोष्ट अजून कुणी तोंडावर आणत नाही. आपली जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या बायकांत रमायला लागली की पोटात काहीतरी ढवळतं, ती गोष्ट. ‘एवढ्या मोठ्या बाईला हे शोभतं का?’ असं वाटून आपण ती दाबून टाकतो. दाबलेली ती मग रुसव्यातून बाहेर येते. या वेळच्या पाठात आपण तेवढंच बघणार आहोत.

एक उदाहरण घेऊ. नावं आपण आपल्या सोयीसाठी ठेवली आहेत. सुनंदा आणि मंगल एकाच वर्षी एकाच गल्लीत सुना म्हणून आल्या. बाळंतपणं मागेपुढे झाली, गटात नावंही एकाच दिवशी घातली. गुरुवारच्या बाजाराला दोघी मिळून जायच्या, दिवाळीनंतर एकदा तुळजापूरलाही दोघी मिळूनच. मग मंगलची सीआरपी म्हणून निवड झाली. तालुक्याला सात दिवसांचं निवासी प्रशिक्षण झालं, तिथं चार-पाच गावच्या सीआरपी ताईंशी तिची गट्टी जमली. त्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला, एकमेकींच्या घरी जाणं-येणं सुरू झालं. आणि एका सकाळी सुनंदाला मंगलच्या स्टेटसवर फोटो दिसला. तुळजापूरच्या महाद्वारापुढं मंगल आणि त्या चौघी.

सुनंदा काही बोलली नाही. बैठकीत मंगलशेजारी बसायची, ती दाराशी बसायला लागली. मंगलनं काही विचारलं की ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच. एकदा मंगल म्हणाली, “चल, बाजारला जाऊ.” तर हिचं उत्तर, “तुला कुठला वेळ बाई आता आमच्यासाठी!”

इथं एक गंमत बघा. सुनंदाला वाटत होतं, आपण का रुसलो हे मंगलला कळलंच असेल. पण मंगलनं त्याच महिन्यात गटाच्या वह्या तपासताना सुनंदाच्या थकलेल्या हप्त्याबद्दल विचारलं होतं. त्यामुळे तिनं धरलं, सुनंदा त्या हप्त्यावरूनच रागावली. आणि आपल्या पदामुळं मैत्रीण दुखावली म्हणून तीही जपून, दुरून वागू लागली. सुनंदाला ते दुरून वागणं दिसलं आणि तिची खात्रीच पटली की मंगल बदलली. रुसव्याचं हे असं असतं. आपण न बोलता प्रश्न विचारतो आणि समोरची तिच्या मनातल्या भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसते.

आधी हे ओळखू या की हे नक्की काय आहे. मंगलला मानधन मिळतं, मान मिळतो, ते आपल्याला नाही म्हणून जळफळाट होत असेल तर तो हेवा. सुनंदाला ते पद नको होतं. तिला भीती होती आपली जागा जाण्याची. या भावनेवर अमेरिकेत जेमी क्रेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की मैत्रिणीचा वेळ कमी मिळतो यापेक्षा ‘माझ्या जागी दुसरी आली’ हे माणसाला जास्त टोचतं. म्हणूनच मंगल दिवसभर कामासाठी गावोगाव फिरली तरी सुनंदाला काही वाटलं नाही, पण एका फोटोनं झोप उडाली. आपल्याला झालंय की नाही हे कळायचं असेल तर मोबाइल कसा हाताळतो ते बघा. तिचं स्टेटस तीन-तीनदा उघडणं, ती शेवटची कधी ऑनलाइन होती ते बघणं, फोटोत कोण कोणाशेजारी उभी आहे ते न्याहाळणं.

दुसरी गोष्ट, नवी मैत्री एवढी झटपट कशी जमली याचाही राग येतो. ‘मला इतकी वर्षं लागली आणि ह्यांना सात दिवस!’ अमेरिकेतल्याच जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा अंदाज काढला होता. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग मैत्री व्हायला २०० तासांहून जास्त. आता निवासी प्रशिक्षण धरा. पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत रोज चौदा तास बरोबर, सात दिवसांचे झाले ९८. म्हणजे त्या चौघींनी काही जादू केली नाही, त्यांना सलग तास मिळाले. सुनंदा-मंगलचे तास मोजायला बसलात तर हजारांत जातील, ते कुठं पुसले गेलेले नाहीत. फक्त अलीकडचे तास कमी झालेत, आणि ते पुन्हा मिळवता येतात.

मग सुनंदानं काय करायचं? तिनं आधी स्वतःशी नीट मोजायचं, नक्की काय गेलं. ‘सगळंच गेलं’ हे उत्तर चालणार नाही. वहीत तीन ओळी लिहून काढल्या तरी पुरे. सुनंदाच्या बाबतीत त्या अशा निघतील. गुरुवारचा बाजार सुटला. तुळजापूरला मंगल दुसऱ्यांबरोबर गेली. आणि ते स्टेटसवरून कळलं. आता एकेक ओळ तपासा. बाजार सुटला कारण गुरुवारी मंगलची बैठक असते, त्यात मैत्रीचा काही दोष नाही. तुळजापूरला ती त्या बायकांबरोबर गेली, जाऊ दे, देवी काही दोघींपुरती नाही. खरा काटा तिसऱ्या ओळीत आहे. आपल्या दोघींची म्हणून जी गोष्ट होती ती परक्यासारखी फोटोतून कळली. बोलायचं ते एवढ्याबद्दलच.

बोलायला जागा आणि वेळ जपून निवडा. गटाच्या बैठकीत नको, तिच्या सासूसमोर नको आणि मोबाइलवर तर मुळीच नको. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो, शिवाय तो मेसेज पुढं कुठं जाईल याचा नेम नाही. शेताच्या वाटेवर दोघी बरोबर चालताना बोलणं सोपं जातं, कारण एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. सुनंदा असं म्हणू शकते: “मंगे, तू तुळजापूरला गेलीस ते मला स्टेटसवर दिसलं. मला लागलं गं. वाटलं, माझी जागा गेली. पुढच्या वेळी ठरलं की मला आधी सांग. मी येईन, नाही येईन, पण फोटोतून कळू नये.”

यात आधी काय झालं ते आहे, मग मला काय वाटलं ते, आणि शेवटी एकच मागणी, जी मंगलला पुरी करता येईल. ‘तू नेहमी’, ‘तू कधीच’ हे शब्द त्यात नाहीत, आणि त्या चौघींबद्दल एक अक्षर नाही. ‘त्यांच्यात जाऊ नको’ ही मागणी करूच नका. ती मानली तर मैत्रीण मनात कुढते, नाही मानली तर लपवायला लागते. एवढं बोलून झालं की गप्प राहायचं. हे सगळ्यात अवघड आहे. तिला उत्तर द्यायला वेळ लागेल. सुनंदा गप्प राहिली तरच मंगल म्हणेल, “अगं, मला वाटलं तू हप्त्यावरून चिडलीस.”

मग गेलेल्या तासांचं बघायचं. गुरुवार जमत नाही तर दुसरा दिवस धरा, ‘भेटू कधीतरी’ म्हणू नका. रविवारी रात्री भाकऱ्या झाल्या की अर्धा तास ओट्यावर, असं ठरवून टाका. चार रविवारांत दोनदा ती आली आणि दोनदा ‘आज नाही जमत’ असा निरोप धाडला, तर मैत्री शाबूत आहे असं समजा. निरोपसुद्धा येत नसेल तर आणखी एकदा विचारा. तरी तसंच राहिलं, तर आता तिच्याकडं आपल्यासाठी पूर्वीएवढी जागा नाही हे कळून घ्यायचं. त्याचं वाईट वाटणारच. पण शेजारी बसणं, हाक मारणं सोडू नका, आणि मोकळ्या गुरुवारी गटातल्या दुसऱ्या ताईला बाजाराला हाक मारा.

त्या चौघींना टाळूही नका. मंगलकडं त्या आल्या तर चहाचं पाणी ठेवायला जा, पंधरा मिनिटं बसा, एखादीचं नाव-गाव लक्षात ठेवा. तिथं एक चूक बहुतेकींच्या हातून होते. आपण जुन्या आहोत हे दाखवायला जुनी गुपितं काढायची: “ही आमची मंगी तेव्हा कशी रडायची, विचारा!” हसू येतं, पण मंगल मनातून दुखावते आणि पुढच्या वेळी तुम्हाला बोलवायला कचरते. तिसरीकडं जाऊन त्या बायकांची उणीदुणी काढणंही तसंच. दहा-पंधरा बायकांच्या गटात ते संध्याकाळपर्यंत मंगलच्या कानावर जातं, आणि मग गटात ‘तिच्या बाजूच्या’ आणि ‘हिच्या बाजूच्या’ अशा रांगा लागतात. मैत्रिणीचा कर्जाचा अर्ज पुढं आला असेल आणि मनात राग असेल, तर त्या दिवशी आपण मत शेवटी द्यावं, आधी बाकीच्यांना बोलू द्यावं.

एक वेगळं प्रकरण याच्यात मिसळू नका. तुम्ही विश्वासानं सांगितलेली घरातली गोष्ट मैत्रिणीनं नव्या बायकांना सांगितली असेल, तर तुमचा राग मत्सरातून आलेला नाही. ती तक्रार आहे, आणि ती तिला सरळ विचारायची: “हे मी फक्त तुला सांगितलं होतं. ते बाहेर कसं गेलं?”

आणि ज्या ताई आज मंगलच्या जागी आहेत त्यांच्यासाठी. सीआरपी झालात, ग्रामसंघात गेलात, नव्या ओळखी झाल्या, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. पण स्टेटस टाकायच्या आधी जुन्या मैत्रिणीला एक फोन करा, “आम्ही निघालोय गं तुळजापूरला, तुझ्यासाठी कुंकू आणते.” आणि गटाच्या कामाचं विचारायचं असेल, विशेषतः थकलेल्या हप्त्याचं, तर आधी तेवढंच बोला आणि नंतर म्हणा, “हे वहीचं झालं. आता सांग, पोराची परीक्षा कशी गेली?”