नाव पुसता येतं, सांगाडा नाही

उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये जुन्या सामानाच्या दुकानात टाइपरायटर दिसला की दुकानदार आधी गोष्ट सांगतो, मग किंमत. बदलापूरच्या माझ्या भाच्याला त्यानं सांगितलं, "१९०५ ची अंडरवुड आहे साहेब, मिलिटरी कॅम्पच्या ऑफिसातली." गोष्ट पटण्यासारखीच होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथं आसरा मिळाला, तो दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीतच. भाच्यानं बयाणा दिला आणि उरलेले पैसे देण्याआधी मला बोलावलं. मी उमेदीची वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूटची मशिनं दुरुस्त करण्यात घालवली आहेत.

मशीन काळंभोर, चकचकीत, समोर सोनेरी अक्षरात नाव. रंग आणि नाव यांवर मी वेळ घालवत नाही. दोन्ही दुपारभरात नवी होतात. मी आधी सांगाडा बघतो.

अंडरवुड नंबर ५ च्या दोन्ही बाजू उघड्या असतात, आतल्या दांड्या आणि तारा बाहेरून दिसतात. शिफ्ट दाबली की अख्खं कॅरेज वर उचललं जातं. एल. सी. स्मिथसारख्या मशिनांत कॅरेज जागेवर राहतं आणि अक्षरांच्या दांड्यांचा संच हलतो. इथं कॅरेज उचललं गेलं, बाजूही उघड्या होत्या. म्हणजे नाव नवं रंगवलेलं असलं तरी मशीन अंडरवुड नंबर ५ च होतं.

मग साल. कॅरेज पूर्ण डावीकडे सरकवलं की उजव्या बाजूला, कॅरेजखाली झाकलेल्या फ्रेमवर नंबर दिसतो. तिथं तेल आणि धुळीचा थर होता. फडक्याला थोडं रॉकेल लावून तो हलक्या हातानं पुसला, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली. नंबर उमटला: सात आकडी, सुरुवातीला ३८.

तक्ता उघडण्याआधी इथं साधा हिशेब करावा. हे मॉडेल १९०० मध्ये निघालं आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. एवढ्या काळात चाळीस लाखांच्या आसपास मशिनं बनली. मग ३८ लाखांच्या पुढचा नंबर १९०५ मध्येच कसा पडेल? हे मशीन मॉडेलच्या शेवटच्या वर्षांतलं. नेमकं वर्ष नंबरांच्या तक्त्यात सापडतं, मात्र तक्ता त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा हवा. रेमिंग्टनचा नंबर अंडरवुडच्या तक्त्यात शोधला तर वर्ष मिळेल, पण खोटं.

शेवटी कीबोर्ड. चार ओळी, क्यूवर्टी मांडणी, १ चं बटण नाही. त्या काळी १ साठी लहान एल मारत. इथपर्यंत सगळं मेळात. पण बटणं प्लॅस्टिकची होती. या मॉडेलला काचेची टोपी आणि तिच्याभोवती धातूची कडी असते. मी कागद चढवून एकेक बटण शिफ्टसह मारलं. एका बटणावर अर्धा छापलेला, कागदावर उमटलं दुसरंच चिन्ह. म्हणजे बटणं दुसऱ्या मशीनची बसवलेली. ही चाचणी कुठल्याही मशीनवर करा. दांडीच्या टोकावरचं अक्षर डाग देऊन बसवलेलं असतं, तेही काढून दुसरं लावता येतं. म्हणून देवनागरी कीबोर्ड दिसला तरी फ्रेम भारतातच बनली असं समजू नका. आणि फ्रेम गोदरेजची निघाली तर इंग्रजी अमदानीची गोष्ट तिथंच संपते. गोदरेजचं पहिलं मशीन १९५५ मधलं.

नंबर बघताना आकड्यांची खोली आणि रांग बघा. एखादाच आकडा वाकडा किंवा जास्त खोल असेल तर तो मागाहून ठोकलेला असू शकतो. वायर ब्रश किंवा सँडपेपर लावू नका, नंबर आणि उरलीसुरली मूळ अक्षरं दोन्ही जातील. नंबर अजिबात सापडला नाही तर यंत्रणेवरून फार तर काळाचा टप्पा सांगता येतो, वर्ष नाही.

छावणीच्या गोष्टीचं काय? १९३० च्या आसपासचं मशीन महायुद्धात तिथं वापरलं गेलं असेलही. पण ऑफिसचा शिक्का किंवा मालमत्तेची पट्टी, काहीच सापडलं नाही. भाच्यानं दुकानदाराला पावतीवर तीनच गोष्टी लिहायला लावल्या: अंडरवुड नंबर ५, फ्रेमचा नंबर, बटणं बदललेली. १९०५ चा भाव मात्र दुकानदाराला उतरवावा लागला.